चार्ट बरोबर आहे, मग दूध का बिघडतंय? : सीआयपीच्या नोंदींची एक चिकित्सा

(दुग्धप्रक्रिया प्रकल्पांतील स्वच्छता या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)



आज मला एका कागदावर टीका करायची आहे. दूध प्लांटमध्ये काम करणाऱ्यांना तो कागद रोज दिसतो. सीआयपी झाली की तिचा चार्ट निघतो. पूर्वी गोल कागदावर पेनाने रेघ उमटायची, आता स्क्रीनवर आलेख येतो. ऑडिटर आले की पहिल्यांदा तोच चार्ट मागतात. ग्राहकाची तक्रार आली की आपणही पहिल्यांदा तोच काढून दाखवतो. "सर, चार्ट बघा, सीआयपी परफेक्ट आहे." आणि चार्ट खरंच बरोबर असतो. तरी दूध बिघडतं. मग कोणीतरी म्हणतं, "बायोफिल्म असेल." आणि चर्चा तिथेच थांबते.

माझं म्हणणं एवढंच आहे की चार्टवर विसंबणं आणि 'बायोफिल्म' असं मोघम नाव देणं, या दोन्ही सवयींचा परिणाम एकच होतो. दोष कुठे आहे ते शोधायचं राहून जातं. हे आज एका उदाहरणाने, आकड्यांसह बघू.

सीआयपी म्हणजे नेमकं काय

श्रोत्यांपैकी काही जण प्लांटमधले नाहीत, म्हणून आधी थोडक्यात सांगतो. सीआयपी म्हणजे क्लीन इन प्लेस. पाइप, टाकी, पाश्चरायझर न उघडता जागच्या जागी धुणे. आधी साध्या किंवा कोमट पाण्याने दुधाचे अवशेष ढकलून काढायचे. मग एक ते दीड टक्क्याचं कॉस्टिक, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, ७० ते ७५ अंशाला पंधरा-वीस मिनिटं फिरवायचं. त्याने स्निग्धांश आणि प्रथिनं सुटतात. पुन्हा पाणी. मग साधारण एक टक्क्याच्या आत-बाहेरचं नायट्रिक आम्ल ६० ते ६५ अंशाला. त्याने क्षारांचा थर, ज्याला आपण मिल्कस्टोन म्हणतो, तो विरघळतो. पुन्हा पाणी. आणि उत्पादन सुरू करण्याआधी निर्जंतुकीकरण: एकतर ८५ ते ९० अंशांचं गरम पाणी, नाहीतर पेरासिटिक आम्लासारखं रसायन.

हा क्रम चांगला आहे. माझा आक्षेप क्रमावर नाही. तो पार पडला हे आपण कशावरून ठरवतो, त्यावर आहे.

चार घटक, नोंद तिघांचीच

जर्मनीतल्या हेंकेल कंपनीतले हर्बर्ट सिनर यांनी १९५९ साली धुण्याच्या क्रियेचे चार घटक एका वर्तुळात मांडले. रसायन, तापमान, वेळ आणि यांत्रिक क्रिया, म्हणजे घासणं. एक घटक कमी पडला तर दुसरा वाढवून भरपाई करता येते, ही त्या वर्तुळातली मुख्य कल्पना. सीआयपीच्या प्रत्येक प्रशिक्षणात हे वर्तुळ दाखवतात.

आता चार्ट बघा. तापमान आहे. वेळ आहे. रसायनाच्या जागी कंडक्टिव्हिटी, म्हणजे द्रावणाची विद्युतवाहकता आहे. चौथा घटक, घासणं, कुठे आहे? हाताने धुताना ब्रश होता. सीआयपीमध्ये ब्रशची जागा वेगाने वाहणाऱ्या द्रावणाने घेतली. म्हणून पाइपमध्ये सेकंदाला किमान दीड मीटर वेग हवा, असा नियम सगळीकडे पाळला जातो. पण बहुतेक चार्टवर वेग नसतो. फ्लोमीटर असेल तर तासाला किती लिटर ते दिसतं. लिटर म्हणजे वेग नव्हे. तेच लिटर जाड पाइपमध्ये गेले की सावकाश जातात.

दुसरी गोष्ट. तापमान आणि कंडक्टिव्हिटी मोजणारे सेन्सर असतात रिटर्न लाइनवर. म्हणजे द्रावण सगळीकडून फिरून परत येतं तिथे. तिथं ते कळवतात, "परत आलेलं द्रावण एवढं गरम आणि एवढं तीव्र आहे." बरोबर. पण जे द्रावण एखाद्या कोपऱ्यात शिरलंच नाही, ते परत येणार कुठून? चार्ट प्रवाहाबद्दल बोलतो. पृष्ठभागाबद्दल तो काही बोलत नाही, आणि आपण मात्र त्याच्याकडून पृष्ठभागाची हमी घेतो.

कंडक्टिव्हिटीबद्दल अजून एक वाक्य. कॉस्टिकची टाकी पुन्हा पुन्हा वापरली जाते. हवेतला आणि मळातला कार्बन डायऑक्साइड घेऊन कॉस्टिकचं हळूहळू सोडियम कार्बोनेट होतं. ते धुण्याच्या कामात बरंच दुबळं, पण विद्युतप्रवाह तेही वाहून नेतं. म्हणजे मीटरचा आकडा ठीक, आणि कामाचं कॉस्टिक मात्र कमी. यासाठी लॅबमध्ये टायट्रेशन करावं लागतं, आणि तेही एका एंड पॉइंटवर न थांबता फिनॉल्फ्थॅलिन आणि मिथिल ऑरेंज अशा दोन्हींवर, म्हणजे कार्बोनेट वेगळं कळतं.

आता उदाहरण

हिशोबाला सोपे जावेत म्हणून आकडे मी धरलेले आहेत, पण रचना तुम्हाला ओळखीची वाटेल. पाउचमध्ये दूध भरणारा एक प्लांट. पाश्चराइज्ड दुधाच्या सायलोपासून पाउच मशीनपर्यंत दोन इंची लाइन. सीआयपी पंप तासाला १०,००० लिटरचा. दोन इंची पाइपचा आतला व्यास साधारण ४८ मिलिमीटर. भागाकार केला तर वेग येतो सेकंदाला दीड मीटर. उत्तम.

धंदा वाढला. मशीनची दुसरी रांग आली. दुधाचा दाब सगळ्या मशीनना सारखा मिळावा म्हणून मशीनच्या आधीचा काही मीटरचा भाग तीन इंची केला. त्याला हेडर म्हणतात. एक जुनं मशीन हलवलं, त्याच्याकडे जाणारी फांदी कापायची राहिली, तिच्या तोंडावर ब्लँक, म्हणजे झाकण, लावून टाकलं. झाकणाच्या आधी वीसेक सेंटिमीटरचा तुकडा उरला. सीआयपी पंप तोच. कार्यक्रम तोच. चार्ट? तोही हुबेहूब तोच.

तीन इंची पाइपचा आतला व्यास ७३ मिलिमीटर. तेच १०,००० लिटर तिथून गेले की वेग येतो सेकंदाला सुमारे ०.६६ मीटर. निम्म्याहून कमी. कोणी म्हणेल, या वेगालाही प्रवाह खळबळता, म्हणजे टर्ब्युलंट असतोच. असतो. पण भिंतीवरचं घासणं वेगाच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात बदलतं. त्यामुळे ते साधारण एक पंचमांशावर येतं. खळबळ आहे, पण ब्रशचा जोर गेला. शिवाय आडव्या जाड पाइपच्या माथ्याशी हवा अडकून राहू शकते, आणि हवा आहे तिथे द्रावण लागतच नाही. दीड मीटरचा वेग परत हवा असेल तर तासाला साडेबावीस हजार लिटर लागतील. पंप दुपटीहून मोठा हवा.

आता तो वीस सेंटिमीटरचा तुकडा. याला डेड लेग म्हणतात, प्रवाह पुढे जात नाही अशी फांदी. मुख्य पाइपमधून जाणारा प्रवाह अशा फांदीत व्यासाएवढ्या अंतरापर्यंत बऱ्यापैकी घुसळतो. त्यापुढे द्रावण जवळजवळ साचून असतं. आपली फांदी व्यासाच्या चौपट लांब आहे. तिथे नवं कॉस्टिक पोहोचत नाही, उष्णता पोहोचत नाही, घासणं तर नाहीच. म्हणून सिनर वर्तुळाची भरपाई इथे चालत नाही. तीव्रता एकावरून दोन टक्के केली तरी ती मुख्य पाइपमध्ये वाढते. वेळ दुप्पट केला तरी तो मुख्य पाइपचा वेळ. कोपऱ्यात चारही घटक एकदमच पडलेले असतात, मग भरपाई कशाची कशाने करणार?

तिथे बसतं कोण

अशा ठिकाणी दुधाच्या प्रथिनांचा पातळ थर स्टीलवर काही मिनिटांतच बसतो. त्यावर जिवाणू चिकटतात. आधी सैल, मग घट्ट. नंतर ते स्वतःभोवती बहुशर्करा, प्रथिनं आणि डीएनए यांचा चिकट लगदा तयार करतात. हा लगदा आणि त्यातले जिवाणू मिळून बायोफिल्म. आत बसलेल्या जिवाणूंवर निर्जंतुक रसायनाचा परिणाम कमी होतो. त्याचं एक साधं कारण असं की क्लोरीनसारखं रसायन वरच्या थरातल्या सेंद्रिय पदार्थाशी लढण्यातच संपतं, आत पोहोचेपर्यंत उरत नाही. म्हणून आधी मळ काढा, मग निर्जंतुक करा, हा क्रम उलटवता येत नाही.

पाउचच्या दुधात मुख्य गुन्हेगार असतो स्यूडोमोनास. तो पाश्चरायझेशनमध्ये मरतो. म्हणजे तयार दुधात तो सापडला तर पाश्चरायझरच्या पुढे कुठूनतरी आलेला आहे. त्याला थंडी चालते, फ्रिजमध्येही वाढतो. तो दूध आंबवत बसत नाही. त्याची विकरं प्रथिनं आणि स्निग्धांश तोडतात. म्हणून तक्रार "दूध आंबलं" अशी येत नाही, "कडवट लागतंय, वास येतोय" अशी येते. तक्रार लिहून घेताना नुसतं 'दूध खराब' असं लिहू नका. ग्राहकाचा शब्द लिहा. कडवट, आंबट, उकळताना फुटलं, या प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे.

लॅबला ते का दिसत नाही

आता हिशोब करू. समजा त्या झाकणाच्या गॅस्केटच्या फटीत दहा चौरस सेंटिमीटर जागेवर बायोफिल्म आहे, आणि प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दहा लाख जिवाणू. झाले एक कोटी. समजा तासाला त्यातले दहा लाख सुटून दुधात जातात. दूध वाहतंय तासाला ५,००० लिटर, म्हणजे पन्नास लाख मिलिलिटर. म्हणजे पाच मिलिलिटरमध्ये एक जिवाणू. अर्ध्या लिटरच्या पाउचमध्ये शंभर.

लॅब एक मिलिलिटर दूध घेऊन प्लेट लावते. पाचपैकी चार प्लेटमध्ये हा पाहुणा येणारच नाही. आणि आला तरी? आपल्याकडे पाश्चराइज्ड दुधाच्या एकूण जिवाणूंसाठी मिलिलिटरला ३० हजार ही मर्यादा धरतात. पाश्चरायझेशनमधून वाचलेल्या, उष्णता सोसणाऱ्या जिवाणूंच्या शेकडो-हजारो वसाहतींमध्ये ही एक वसाहत कोण वेगळी काढणार? रिपोर्ट येतो: समाधानकारक. रिपोर्ट खोटा नाही. प्रश्नच चुकीचा विचारला होता.

पुढे ते दूध बाजारात जातं. पाच मिलिलिटरला एक, इथपासून मिलिलिटरला एक कोटी, जिथे चव बिघडलेली कळते, तिथपर्यंत पोहोचायला संख्या साधारण पंचवीस-सव्वीस वेळा दुप्पट व्हावी लागते. सात अंशाला दुप्पट व्हायला आठेक तास धरले, तर आठ-साडेआठ दिवस. दहा अंशाला पाच तास धरले, तर पाच दिवसांच्या थोडं वर. आणि दुकानदाराने रात्री फ्रिज बंद ठेवला, दूध पंधरा अंशावर राहिलं, दुपटीला अडीच तास धरले, तर पावणेतीन दिवस.

इथेच प्लांट आणि दुकानदार यांचं भांडण सुरू होतं. प्लांट म्हणतो, "तुमचा फ्रिज." दुकानदार म्हणतो, "तुमचं दूध." हिशोब बघितला तर दोघंही अर्धे खरे आहेत. फ्रिजने वेग ठरवला, पण वाढायला बीज दिलं प्लांटने. बीजच नसतं तर तोच फ्रिज एवढ्या लवकर दूध कडू करू शकला नसता.

मग शोधायचं कसं

पहिलं, दुधाला बोलायला वेळ द्या. पाउच सरळ प्लेटवर न लावता आधी २१ अंशाला २५ तास ठेवायचं, आणि मग फक्त ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना वाढू देणाऱ्या माध्यमावर मोजायचं. पाच मिलिलिटरला एक असलेला स्यूडोमोनास तेवढ्या वेळात मिलिलिटरला हजारोंच्या घरात जातो. मग तो लपत नाही.

दुसरं, लाइनवर पावलापावलाने चाला. एकाच तासात पाश्चरायझरच्या आउटलेटला, सायलोच्या आउटलेटला, हेडरच्या आधी, हेडरच्या नंतर आणि प्रत्येक मशीनच्या पाउचमधून नमुने घ्या. सगळे त्याच पद्धतीने ठेवा. हेडरच्या आधी काही नाही आणि नंतर आहे, एवढं कळलं की शंभर मीटरची लाइन तीन मीटरवर आली. पण एक सांभाळा. नमुना घेण्याचा कॉक हाही एक डेड लेगच असतो. तो ज्योतीने तापवून, थोडं दूध सोडून देऊन मगच नमुना घ्या. नाहीतर तुम्ही लाइन तपासताय असं वाटतं आणि प्रत्यक्षात कॉक तपासताय.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात कमी वापरलेलं: वेळेप्रमाणे बघा. पहिले पाउच, दोन तासांनी, चार तासांनी, आठ तासांनी. तीन प्रकारची चित्रं दिसतात.

पहिले पाउच वाईट आणि मग आकडा झपाट्याने उतरतो. याचा अर्थ धुणं आणि उत्पादन यांच्या मधल्या वेळात लाइनमध्ये काहीतरी वाढलं. रात्रभर पाणी भरून ठेवलेली लाइन, किंवा निर्जंतुकीकरणानंतर बोअरच्या प्रक्रिया न केलेल्या पाण्याने घेतलेली शेवटची धुलाई. हे दुसरं तर फार होतं. रसायनाचा अंश राहायला नको म्हणून पाणी मारतात, आणि त्या पाण्यातूनच स्यूडोमोनास आत सोडतात.

आकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत साधारण तेवढाच राहतो. म्हणजे कुठेतरी एक ठिकाण सतत थोडं थोडं सोडतंय. आपली फांदी, फाटलेलं गॅस्केट, व्हॉल्व्हची सीट. आपल्या उदाहरणात हेच चित्र येईल.

आकडा सुरुवातीला चांगला आणि तासागणिक चढत जातो. आणि वाढ पाश्चरायझरच्या आउटलेटलाच दिसते. तर मग पोस्ट-पाश्चरायझेशनकडे धावू नका. हे बहुधा पाश्चरायझरच्याच प्लेट पॅकमध्ये, रीजनरेशन विभागात चाललेलं आहे. तिथे दूध चाळीस ते साठ अंशांच्या पट्ट्यातून जातं, आणि स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलससारख्या उष्णताप्रिय जिवाणूंना तो पट्टा आवडतो. आठ-दहा तासांच्या सलग रनमध्ये ते प्लेटवर इतके वाढू शकतात की सकाळची स्वच्छ सीआयपी संध्याकाळी काही कामाची राहत नाही. इथे औषध म्हणजे रन आखूड करणं किंवा मध्ये धुऊन घेणं. जास्त कॉस्टिक नव्हे.

म्हणून म्हटलं, 'बायोफिल्म' एवढ्या नावाने काही ठरत नाही. या तीन चित्रांत प्रत्येक वेळी पृष्ठभागावर वाढलेले जिवाणू असू शकतात, पण दुरुस्ती तिन्ही ठिकाणी वेगळी आहे.

स्वॅबबद्दल

स्वॅबवरही थोडी टीका करतो. स्वॅब कुठून घेतात? जिथे हात पोहोचतो तिथून. टाकीचं मॅनहोल, मशीनचं नोझल, पाइपचं उघडं तोंड. या सगळ्यात जास्त स्वच्छ जागा, कारण तिथे ब्रशही पोहोचतो. (हशा.) आणि घट्ट चिकटलेल्या बायोफिल्ममधला काही भागच कापसावर येतो. म्हणून स्वॅब पॉझिटिव्ह आला तर ती मोठी बातमी आहे. निगेटिव्ह आला तर ती अगदी छोटी बातमी आहे. एटीपी मीटरचंही तसंच. तो मळ राहिला का हे पटकन सांगतो, म्हणून रोजच्या कामाला चांगला. जिवाणू नाहीत असं तो सांगत नाही.

स्वॅब घ्यायचाच तर गॅस्केट काढून तिच्या मागे घ्या. गॅस्केट हातात घेऊन वाकवून बघा. रबर कडक झालंय, बारीक भेगा आहेत, पिवळा चिकट थर आहे, वास येतोय. नाकाला आणि बोटांना जे कळतं त्यासाठी लॅबची वाट बघायची गरज नाही.

आणि एक अगदी स्वस्त चाचणी. कॉस्टिक फिरत असताना पृष्ठभागावर लावायचा थर्मामीटर घेऊन लाइनवर बाहेरून चाला. रिटर्नला ७२ अंश आहे आणि एखाद्या झाकणावर पंचेचाळीस, तर आत काय चाललंय ते कळलं. पाइप बराच गार लागला म्हणजे तिथे प्रवाह नाही. अर्धा तास लागतो. हात लावून बघू नका, भाजेल.

दुरुस्ती आणि तिच्या मर्यादा

आपल्या प्लांटने काय करायचं? फांदी मुळाशी कापून पाइप सलग वेल्ड करायचा. हेडरला सीआयपीचं वेगळं सर्किट द्यायचं किंवा पंप बदलायचा. ते होईपर्यंत हेडर आठवड्याच्या ठरल्या दिवशी उघडून हाताने धुवायचा. गॅस्केट बदलायच्या. आणि त्यानंतर तेच नमुने, त्याच ठिकाणी, त्याच वेळांना पुन्हा घ्यायचे. आकडा उतरला तर निदान बरोबर. नाही उतरला तर मान्य करायचं की दुसरं ठिकाण आहे, आणि पुन्हा चालायचं.

माझ्या म्हणण्यालाही मर्यादा आहेत. दीड मीटरचा नियम पाइपचा आहे. टाकीत स्प्रे बॉलने भिंतीवरून पाण्याचा पडदा उतरतो, तिथे पाइपचा वेग मोजून उपयोग नाही. तिथे स्प्रे बॉलची भोकं बुजली आहेत का, आणि ॲजिटेटरच्या पात्याची मागची बाजू सावलीत राहते का, हे बघावं लागतं. तसंच, सगळं रोज उघडा असंही मी म्हणत नाही. उघडणं म्हणजे हात लागणं, गॅस्केट वाकडी बसणं, नवा दोष येणं. सीआयपी आली तीच यासाठी की उघडावं लागू नये. म्हणून उघडायचं ते ठरवून, आणि काय दिसलं ते लिहून.

चार्ट फेकून द्या असंही मी म्हणत नाही. चार्ट बिघडलेला असेल तर सीआयपी नक्की बिघडलेली आहे. उलट मात्र खरं नाही. चार्ट चांगला, म्हणून पाइप स्वच्छ, असं होत नाही. माझी सूचना एकच. लाइनमध्ये पाइपचा एक तुकडा जरी बदलला, एक फांदी जरी वाढली, तरी त्या दिवशी जुना चार्ट रद्द समजायचा. सर्वात जाड पाइपमधला वेग पुन्हा मोजायचा, डेड लेग मोजायचे, आणि मगच नवा चार्ट प्रमाण मानायचा. मेंटेनन्सच्या वहीत आणि क्वालिटीच्या वहीत ही एक नोंद समान असली पाहिजे. बऱ्याच ठिकाणी फांदीवर झाकण लावलेलं फिटरला माहीत असतं आणि मायक्रोबायोलॉजिस्टला माहीत नसतं.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न घेऊया.

निवडक प्रश्नोत्तरे

प्रश्न: सर, आमच्याकडे तक्रार आली की कॉस्टिक अडीच टक्के करतात आणि काही दिवस खरंच फरक पडतो. मग ते चूक कसं?

उत्तर: फरक का पडतो ते बघा. तक्रार आली की तुम्ही फक्त कॉस्टिक वाढवत नाही. त्या दिवशी कोणीतरी सुपरवायझर उभा राहतो, गॅस्केट बदलतात, मशीन उघडून धुतात. श्रेय कॉस्टिकला जातं. खरंच तपासायचं असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि जास्त कॉस्टिकचा तोटाही आहे. ते धुऊन काढायला पाणी जास्त लागतं, आणि पाणी कठीण असेल तर गरम कॉस्टिकमध्ये कॅल्शियमचा थर उलट जास्त बसतो. त्या खरखरीत थरावर पुढचा जिवाणू मजेत बसतो.

प्रश्न: आमचं पाणी बोअरचं आहे, खूप कठीण. आम्ही आम्लाची धुलाई आठवड्यातून एकदाच करतो. चालेल का?

उत्तर: पाश्चरायझरला नाही चालणार. जिथे दूध तापतं तिथे क्षार रोज बसतात, तिथे आम्ल रोज हवं. थंड दुधाच्या लाइनला आम्ल कमी वेळा चालू शकतं, पण ते पाण्याचा कठीणपणा मोजून ठरवा, दुसऱ्या प्लांटचं वेळापत्रक बघून नको. आणि शेवटच्या धुलाईच्या पाण्याची जिवाणू तपासणी वेगळी करा. नमुना टाकीतून नको, जिथे पाणी लाइनमध्ये शिरतं तिथून घ्या.

प्रश्न: डेड लेग कापायला उत्पादन बंद ठेवावं लागतं. मॅनेजमेंटला कसं पटवायचं?

उत्तर: बायोफिल्म हा शब्द वापरू नका. हेडरच्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी शेजारी ठेवा, आणि महिन्याला परत आलेले पाउच किती ते खाली लिहा. वेल्डरचा एक दिवसाचा खर्च त्याच्या बाजूला लिहा. त्या कागदावर सही मिळते.